स्टंपवरून माणसाची उंची: जुन्या क्रिकेट फोटोतलं मोजमाप

इंदूरच्या रामबागेत किंवा नारायणबागेत जुन्या मराठी घरातला अल्बम उघडला, की क्रिकेटचा एक तरी फोटो निघतोच. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या दिवसांत गावातली निम्मी पोरं पांढरी पँट घालून मैदानावर असायची, असं जुनी माणसं सांगतात. फोटो पुढे आला की वादही ठरलेला: आजोबा सहा फूट होते की नव्हते? हा वाद पट्टी, पेन्सिल आणि थोड्या गुणाकार-भागाकाराने मिटू शकतो. कारण क्रिकेटचं मैदान म्हणजे नियमपुस्तकाने आखून दिलेली मोजपट्टीच आहे. जमिनीवर उभे असलेले, एकाच उंचीचे स्टंपांचे दोन संच फोटोत आयते मिळतात.

आधी नेहमीची चूक पाहू. फोटोत स्टंप ३१७ पिक्सेल उंच आहेत आणि शेजारचा माणूस ५७३ पिक्सेल. स्टंप २८ इंच, म्हणजे ७१.१ सेंटीमीटर. त्रैराशिक मांडलं तर माणूस १२८ सेंटीमीटरचा निघतो, शाळकरी पोराएवढा. तोच माणूस पलीकडच्या टोकाच्या १०६ पिक्सेलच्या स्टंपशी ताडून पाहिला तर पावणेचार मीटरच्याही वर जातो. हिशोब दोन्हीकडे बरोबर आहे. घोटाळा एवढाच, की माणूस जवळच्या स्टंपपेक्षा तीन मीटर लांब आहे आणि दूरच्या स्टंपपेक्षा बराच जवळ. फोटोत ‘शेजारी’ दिसणं आणि कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंतर मोजत बसायची मात्र गरज नाही. त्याच्या जागी क्षितिजरेषा शोधायची.

क्षितिजरेषा काय सांगते

कॅमेऱ्याची लेन्स जमिनीपासून ज्या उंचीवर असते, बरोबर त्याच उंचीवरचा प्रत्येक बिंदू, जवळचा असो वा लांबचा, फोटोत क्षितिजरेषेवर पडतो. मैदान सपाट हवं, एवढीच अट. कॅमेरा ११२ सेंटीमीटरवर धरला असेल, तर मैदानात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला क्षितिजरेषा जमिनीपासून ११२ सेंटीमीटरवरच कापणार. जवळच्या माणसाचे ते ११२ सेंटीमीटर फोटोत मोठे दिसतील, लांबच्याचे छोटे, पण प्रत्येकाच्या पायाशी स्वतःची मोजपट्टी उभी आहे असं समजायचं. पायापासून क्षितिजापर्यंत ११२ सेंटीमीटर, आणि पायापासून डोक्यापर्यंत किती, हे त्याच प्रमाणात काढायचं.

म्हणून काम दोन टप्प्यांचं आहे: स्टंपांवरून क्षितिजरेषा आणि कॅमेऱ्याची उंची काढायची, मग ती मोजपट्टी माणसाला लावायची.

इथे क्षितिज म्हणजे झाडांची रांग किंवा पॅव्हेलियनचं छप्पर नव्हे. जमीन आणि आकाश जिथे मिळताना दिसतात ती जागा इंदुरातल्या मैदानावर बहुतेक वेळा दिसतच नाही. ती रेषा हिशोबानेच काढावी लागते.

फोटो आणि बिंदू

प्रिंट फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० dpi ला स्कॅन करावी. मोबाइलने प्रिंटचा फोटो काढणं टाळा. मोबाइल जरा तिरका झाला तरी मूळ फोटोच्या परस्पेक्टिव्हवर दुसरा परस्पेक्टिव्ह चढतो आणि मग काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही. अल्बमच्या चार कोपऱ्यांतून प्रिंट सोडवून काचेवर सपाट टाकणं सगळ्यात बरं.

स्कॅन GIMP मध्ये उघडला की कर्सर नेऊ तिथले x आणि y खालच्या पट्टीत दिसतात. y वरून खाली वाढतो, हे लक्षात ठेवा, म्हणजे पायाचा आकडा डोक्याच्या आकड्यापेक्षा मोठा येतो. झूम ४०० टक्क्यांवर नेऊन बिंदू टिपावेत.

मधल्या स्टंपचं टोक आणि बूड घ्यायचं. टोक म्हणजे स्टंपचं टोक, बेलचं नव्हे. बेल स्टंपच्या वर अर्ध्या इंचापर्यंत उठते. ती चुकून धरली तर स्टंपच जवळपास दोन टक्क्यांनी उंच होतो आणि माणसाच्या उंचीत तीन सेंटीमीटरचा फरक पडतो. बूड गवतात बुडलेलं असेल तर लगतच्या बोलिंग क्रीझची पांढरी रेघ पाहा. स्टंप त्याच रेघेवर रोवलेले असतात, त्यामुळे रेघ स्टंपांना जिथे भेटते तीच जमीन.

माणसाच्या पायांचा बिंदू टिपताना दोन्ही टाचांच्या मधोमध जमिनीवर एक कल्पित खूण करावी. एक पाय पुढे असेल तर पुढच्या पायाचा बूट धरू नका.

आणि माणूस निवडताना चेंडू टाकला जातानाचा फोटो घेऊ नका. स्टान्स घेतलेला फलंदाज वाकलेला असतो, स्लिपमधला तर अर्धा बसलेला. दोन चेंडूंच्या मध्ये सरळ उभा असलेला क्षेत्ररक्षक किंवा अंपायर उत्तम.

एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

पाच इंची चौकोनी प्रिंट आहे, स्कॅन ३००० × ३००० पिक्सेलचा. फोटो पिचच्या तिरक्या दिशेने काढलेला, दोन्ही टोकांचे स्टंप दिसतात. जवळच्या स्टंपचं बूड y = १९०० वर, टोक १५८३ वर, म्हणजे उंची ३१७ पिक्सेल. दूरच्या स्टंपचं बूड १५६७, टोक १४६१, उंची १०६. आजोबा दोघांच्या मध्ये, पिचच्या कडेला हात मागे बांधून उभे. पाय १७७५ वर, डोकं १२०२ वर, म्हणजे ५७३ पिक्सेल.

कागदावर करायचं तर दोन्ही स्टंपांच्या बुडांतून एक रेघ आणि दोन्ही टोकांतून दुसरी रेघ ओढायची. त्या जिथे मिळतात तो बिंदू क्षितिजावर असतो. या फोटोत तो उजव्या कडेच्या सुमारे पाचशे पिक्सेल बाहेर पडतो, त्यामुळे प्रिंटखाली मोठा कागद लावावा लागेल. आकड्यांनी केलं तर कागद लागत नाही.

बुडांच्या y मधला फरक: १९०० − १५६७ = ३३३. स्टंपांच्या उंचीतला फरक: ३१७ − १०६ = २११. भागाकार १.५७८. याचा सरळ अर्थ असा, की कॅमेरा १.५७८ स्टंप उंचीवर होता. १.५७८ × ७१.१ म्हणजे ११२ सेंटीमीटर. आणि क्षितिज? जवळच्या स्टंपच्या बुडापासून १.५७८ × ३१७ = ५०० पिक्सेल वर, म्हणजे y = १४०० वर.

आता आजोबा. पायापासून क्षितिजापर्यंत १७७५ − १४०० = ३७५ पिक्सेल, आणि ते ११२ सेंटीमीटर. पायापासून डोक्यापर्यंत ५७३. तर ५७३ ÷ ३७५ × ११२ = १७१ सेंटीमीटर. पाच फूट साडेसात इंच.

पुढे जाण्याआधी एक पडताळणी करावी. ११२ सेंटीमीटर हा आकडा पटतो का? त्या काळातल्या दोन भिंगांच्या चौकोनी कॅमेऱ्यात वरून वाकून पाहायचं असे आणि कॅमेरा पोटाशी-छातीशी धरला जाई. चौकोनी प्रिंट त्याच जातीच्या कॅमेऱ्याची खूण आहे. तेव्हा ११२ पटतं. डोळ्याला लावायच्या कॅमेऱ्याचा फोटो असता तर १५०-१६० च्या आसपास यायला हवं होतं. ७० किंवा २२० आलं तर समजावं, की कुठला तरी बिंदू चुकला आहे किंवा फोटोग्राफर पायऱ्यांवर उभा होता. पायऱ्यांवरून काढलेला फोटो बिघडत नाही, फक्त तसं खरंच होतं का ते पाहून घ्यावं.

दुसरी पडताळणी अजून सोपी. y = १४०० वर आडवी रेघ ओढा आणि सरळ उभ्या असलेल्या सगळ्या माणसांकडे पाहा. रेघ प्रत्येकाच्या कोपराच्या जरा वर जायला हवी, मग तो जवळ असो की सीमारेषेवर. एखाद्याच्या गुडघ्यातून गेली तर तो उंचवट्यावर उभा आहे आणि त्याला मोजू नये. माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. लोळवलेलं पिच आणि त्याच्या आजूबाजूचा भाग सपाट धरता येतो, पण सीमारेषेजवळच्या माणसाच्या पायाखाली वीतभर चढ-उतार सहज असतो. म्हणून मोजायचा माणूस पिचच्या जितका जवळ तितका चांगला. त्याचे पाय प्रेक्षकांच्या डोक्यांमागे झाकलेले असतील तर नाद सोडावा. पायाचा बिंदू अंदाजाने धरून काढलेली उंची अंदाजाचीच राहते.

२७ की २८

या सगळ्या हिशोबातला सगळ्यात नाजूक आकडा पिक्सेलचा नाही, स्टंपचा आहे. आज स्टंप जमिनीच्या वर २८ इंच असतात आणि तीन स्टंपांची रुंदी ९ इंच. पण १९३१ पर्यंत नियम २७ इंच उंची आणि ८ इंच रुंदीचा होता. नियम बदलला म्हणून प्रत्येक क्लबने आपले जुने स्टंप दुसऱ्या दिवशी चुलीत घातले असतील असं नाही. होळकर संघाच्या वर्षांतल्या क्लब सामन्याच्या फोटोत २८ चीच शक्यता मोठी. तीसच्या दशकातला फोटो असेल तर खात्री नाही.

फरक किती पडतो? स्टंप २७ इंची धरला तर वरची १७१ सेंटीमीटरची उंची १६५ होते. सहा सेंटीमीटर, म्हणजे बाकी सगळ्या चुका मिळून होतील त्यापेक्षा जास्त.

उंची-रुंदीच्या गुणोत्तरावरून ओळखता येईल असं वाटतं: २७ ला ८ म्हणजे ३.३८, आणि २८ ला ९ म्हणजे ३.११. पण ही युक्ती फक्त बोलरच्या मागून, पिचच्या रेषेत काढलेल्या फोटोत चालते. आपल्यासारख्या तिरक्या फोटोत ९ इंचांची रुंदी दबून आठासारखी, किंबहुना त्याहूनही कमी दिसते. नवा स्टंप जुना वाटतो आणि आपण नको तिथे सहा सेंटीमीटर कापून बसतो. तेव्हा तिरक्या फोटोत रुंदीकडे पाहूच नये. फोटोमागची तारीख जास्त विश्वासाची.

गल्लीतल्या सामन्याचा फोटो असेल, तीन काठ्या किंवा भिंतीवर कोळशाच्या रेघा, तर हा लेख तिथे कामाचा नाही.

सेंटीमीटर कुठे गळतात

१७१ हा आकडा बुटासकट, टोपीसकट आणि उभं राहायच्या ढबीसकट आहे. क्रिकेटच्या बुटाचा तळ साधारण दोन सेंटीमीटर. तो वजा. कापडी टोपी डोक्याला घट्ट बसते, तिचा एखादा सेंटीमीटर वजा. पाय फाकवून उभं राहिल्याने उंची कमी होते, ती मिळवायची: दोन पायांत ४० सेंटीमीटर अंतर असेल तर सुमारे अडीच सेंटीमीटर. आपल्या फोटोत पाय थोडेच फाकलेले आहेत, म्हणून दोन धरू. वजा तीन, अधिक दोन. उरले १७०.

बिंदू टिपण्यातली चूक किती महागात पडते ते आकडे मुद्दाम हलवून पाहावं. दूरच्या स्टंपची उंची १०६ ऐवजी १०३ घेतली तर उत्तर एक सेंटीमीटरही हलत नाही, कारण क्षितिज आणि कॅमेऱ्याची उंची दोन्ही सरकतात आणि बरीचशी चूक एकमेकांना खाते. पायाचा बिंदू पाच पिक्सेल खाली गेला तरी पाऊण सेंटीमीटरचाच फरक. डोक्याचा बिंदू मात्र पाच पिक्सेलने चुकला तर थेट दीड सेंटीमीटर. जुन्या प्रिंटमध्ये पांढरी टोपी पांढऱ्या आभाळात विरघळलेली असते, तेव्हा जास्त वेळ डोक्याच्या कडेवर घालवावा, स्टंपवर नव्हे.

सगळं धरून १७० ला तीन सेंटीमीटर इकडेतिकडे म्हणणं प्रामाणिकपणाचं. आणि सहा फुटांचं काय? सहा फुटांसाठी डोकं क्षितिजाच्या त्याच मापाने अजून ३९ पिक्सेल वर, ११६३ वर असायला हवं होतं. या फोटोत माणसाचं डोकं, हनुवटी ते टाळू, साधारण ७४ पिक्सेलचं आहे. म्हणजे अर्धं डोकं कमी पडतं. एवढी चूक टोपीची कड धरण्यात होत नाही.

कॅमेरा झुकलेला असेल तर

वरची पद्धत कॅमेरा समोर, जवळजवळ सरळ धरला होता म्हणून चालली. ओळखायचं कसं? क्षितिज फोटोच्या मध्यापासून फार लांब नसेल तर कॅमेरा सरळ आहे. आपल्या फोटोत मध्य १५०० वर, क्षितिज १४०० वर. एवढ्या झुकावाने दोन-चार मिलिमीटरचा फरक पडतो, तो सोडून द्यावा. शिवाय उभ्या वस्तू समांतर दिसतात.

आता आजचा मोबाइलचा फोटो घ्या. नातू चिमणबागेच्या मैदानावर स्टंपशेजारी उभा आहे, बाबांनी तीन मीटरवरून मोबाइल उभा धरून, १५ अंश खाली झुकवून फोटो काढला. इथे उभ्या रेषा खाली जाताना एकमेकींकडे झुकतात आणि फोटोच्या पुष्कळ खाली एका बिंदूत मिळतात. त्याला उभ्या रेषांचा मिलनबिंदू म्हणू. झुकलेल्या फोटोत वरचा भाग ताणला जातो, खालचा आवळला जातो. डोकं वर आहे, स्टंप खाली, म्हणून चूक दोन्हीकडून माणसाच्या बाजूने साठते. खरी उंची १७१ असताना वरच्या साध्या पद्धतीने १८६ येते. पंधरा सेंटीमीटर! मोबाइलच्या फोटोंवरून लावलेले बहुतेक अंदाज इथेच फसतात.

दुरुस्तीसाठी मिलनबिंदू हवा. स्टंप लहान असतात, त्यांच्या रेषा वाढवून तो मिळत नाही. फोटोच्या डाव्या-उजव्या कडेला साइटस्क्रीनच्या उभ्या कडा किंवा पॅव्हेलियनचे खांब असतील तर त्यांच्या रेषा खाली वाढवाव्यात. नसतील तर मोबाइलच्या फोटोत दुसरी वाट आहे. फोटोच्या माहितीत `FocalLengthIn35mmFilm` असा आकडा असतो, समजा 26. त्याला फोटोच्या कर्णाच्या पिक्सेलने गुणून ४३.३ ने भागायचं. ४००० × ३००० च्या फोटोचा कर्ण ५०००, म्हणून उत्तर जवळपास ३०००. याचा वर्ग करून क्षितिजाच्या मध्यापासूनच्या अंतराने भागला की मिलनबिंदू मध्यापासून किती खाली आहे ते मिळतं. या फोटोत क्षितिज मध्याच्या ८०४ पिक्सेल वर, म्हणून मिलनबिंदू ११,१९४ पिक्सेल खाली.

इथे सगळे y फोटोच्या मध्यापासून मोजायचे, वर उणे, खाली अधिक. स्टंप आणि नातू दोघांचे पाय ६१४ वर, स्टंपचं टोक −१४ वर, डोकं −१०३३ वर. मग:

```python
def ratio(b, t, h, v):
    return 1 - ((t-h)*(v-b)) / ((b-h)*(v-t))

h, v = -804, 11194
cam = 71.1 / ratio(614, -14, h, v)
print(cam, cam * ratio(614, -1033, h, v))
```

`b` म्हणजे पाय, `t` टोक, `h` क्षितिज, `v` मिलनबिंदू. कॅमेऱ्याची उंची १५० सेंटीमीटर येते आणि नातवाची १७०.९. मिलनबिंदू अनंतावर नेला, म्हणजे `v` मध्ये प्रचंड मोठा आकडा घातला, की हेच सूत्र आपल्या पहिल्या साध्या गुणोत्तरावर येतं. तेव्हा दोन पद्धती लक्षात ठेवायची गरज नाही.

झुकलेल्या फोटोत क्षितिज शोधतानाही स्टंपांच्या उंचीचा भागाकार वापरू नका, तो सरळ कॅमेऱ्यासाठीच आहे. बुडांची रेघ आणि टोकांची रेघ ओढून क्षितिजावरचा बिंदू काढण्याची पहिली, कागदाची पद्धत झुकावातही बरोबर राहते. एकाच टोकाचे स्टंप दिसत असतील तर बोलिंग क्रीझ आणि तिच्यापासून चार फुटांवरची पॉपिंग क्रीझ समांतर असतात, त्या वाढवूनही क्षितिजाचा एक बिंदू मिळतो. पण रेघा आखूड असल्याने तो बिंदू शंभर-शंभर पिक्सेल भटकतो. नाइलाज असेल तेव्हाच वापरावा.

फोटो डावी-उजवीकडे कलंडलेला असेल तर आधी फोटोच्या मध्याजवळची एखादी उभी कड धरून तो सरळ फिरवून घ्या, आकडे त्यानंतरच टिपा. कडेचा खांब धरू नका, तो झुकावामुळे आधीच तिरका दिसत असतो.

क्रॉप केलेल्या फोटोवर फोकल लेंग्थची वाट बंद होते. सगळा हिशोब फोटोच्या मूळ मध्यापासून चालतो आणि एक बाजू कापली की तो मध्य हरवतो. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली `FocalLengthIn35mmFilm` ची नोंदही गळून पडते. ज्याने काढला त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या.